परत पाठवलेली खुर्ची आणि 41 ची कपात

कामासाठी ऑनलाइन मागवलेली एक खुर्ची मी परत पाठवली आणि तिचे पैसे कापून मिळाले. कापलेल्या रकमेचा बराचसा भाग पुढे परत आला, थोडा आला नाही, आणि न आलेला भाग माझ्याच चुकीचा होता असे मला आजही वाटते. हिशोब डोळ्यांसमोर राहावा म्हणून खुर्चीसाठी मी प्रत्यक्ष दिलेली रक्कम 100 धरते आणि बाकीचे आकडे त्याच प्रमाणात देते. खुर्चीची छापील किंमत 120 होती, कूपनामुळे 20 कमी झाले आणि डिलिव्हरीचे 6 वेगळे पडले, म्हणजे माझ्या खात्यातून एकूण 106 गेले. परत आले ते 65.

खुर्ची परत करण्याचे कारण साधे होते. माझ्या टेबलाची खालची कड जमिनीपासून 66 सेंटिमीटरवर आहे आणि खुर्चीचे हात त्याखाली गेले नाहीत, तर मला टेबलापासून हातभर लांब बसावे लागते. विक्रेत्याच्या पानावर, मापांच्या तक्त्यात, हातांची जमिनीपासूनची कमीत कमी उंची 64 सेंटिमीटर दिलेली होती. खरेदीच्या आदल्या रात्री ते पान पीडीएफ करून मी धाकट्या भावाला पाठवले होते आणि विचारले होते, ‘‘ही टेबलाखाली जाईल ना रे?’’ त्याचे उत्तर आले, ‘‘ताई, टेबलाची वरची कड मोजू नकोस, खाली ड्रॉवरची पट्टी आहे तिथून मोज.’’ मी तसे मोजले, 66 आले, दोन सेंटिमीटर मोकळे राहतात म्हणून निश्चिंत झाले आणि मागणी नोंदवली. त्या पीडीएफचा पुढे इतका उपयोग होईल याची तेव्हा कल्पना नव्हती.

खुर्ची सुटी येते. पाच पायांचा तळ, त्यात बसणारा, बैठक वर-खाली करणारा गॅस सिलिंडर, बैठक, पाठ आणि दोन हात असे भाग बोल्टने जोडावे लागतात. तासाभरात जोडणी झाली, बैठक पूर्ण खाली नेली, आणि हात टेबलाच्या पट्टीला अडले. टेप लावून पाहिले तर हातांची उंची 68 होती. मला त्याच वेळी टेप धरलेला एक फोटो काढून ठेवायला हवा होता. तो मी काढला नाही, कारण खुर्ची परत करायची एवढेच डोक्यात होते आणि परत करण्याची मुदत पुरेशी शिल्लक होती.

त्याच संध्याकाळी रिटर्नचा फॉर्म भरला. आता मागे वळून पाहताना वाटते की कपात किती होणार हे त्या फॉर्ममधल्या एका रकान्यातच ठरून गेले होते. परत करण्याचे कारण निवडायचे होते आणि पर्याय चार होते: ‘आता गरज नाही’, ‘मापात बसत नाही’, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ आणि ‘सदोष किंवा तुटलेली’. मी ‘मापात बसत नाही’ हा पर्याय निवडला. भाषेच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरे होते, कारण खुर्ची खरोखरच मापात बसत नव्हती. परंतु विक्रेत्याच्या व्यवस्थेत या चार पर्यायांचे दोनच गट असतात, ग्राहकाच्या बाजूचे कारण आणि विक्रेत्याच्या बाजूचे कारण. ‘मापात बसत नाही’ याचा अर्थ तिथे ‘ग्राहकाने मोजमाप न करता मागवले’ असा धरला जातो. त्या गटात गेल्यावर परतीचा वाहतूक खर्च आणि वस्तू पुन्हा विक्रीला ठेवण्यासाठीचे रीस्टॉकिंग शुल्क आपोआप लागते, आणि सुरुवातीचे डिलिव्हरी शुल्कही परत मिळत नाही. फॉर्मच्या खाली मोकळी जागा होती आणि तिथे मी ‘हात टेबलाखाली जात नाहीत’ एवढेच लिहिले. पानावर 64 लिहिले आहे आणि प्रत्यक्षात 68 आहे, हे मुख्य वाक्य लिहायचे राहून गेले.

दुसरी चूक खोक्याची. फॉर्ममध्ये परतीच्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची विचारली होती. मूळ खोके जपून ठेवलेले होते, त्यावरच्या लेबलवर 70, 60 आणि 30 सेंटिमीटर छापले होते, तेच आकडे मी भरले. मग पॅकिंगला बसले तेव्हा लक्षात आले की सिलिंडर तळातून निघतच नाही. हा सिलिंडर खाली थोडा निमुळता असतो आणि तळाच्या भोकात नुसता ठेवलेला असतो, त्याला बोल्ट नसतो. मात्र एकदा कोणी खुर्चीवर बसले की अंगाच्या भाराने तो पाचरीसारखा घट्ट रुततो. खालून हातोडीने हलके ठोके दिले, पण जोरात मारले तर चरा पडेल आणि तेही माझ्याच नावावर लागेल या भीतीने थांबले. सिलिंडरसकट उभा तळ 30 सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात मावणे शक्य नव्हते. मी वरच्या झडपा उभ्या करून त्यांना पुठ्ठ्याची पट्टी जोडली आणि चिकटपट्टीने खोके बंद केले. नवी उंची 40 झाली. फॉर्ममधला आकडा मात्र 30 च राहिला.

कुरियरचा माणूस आला, त्याने खोके काट्यावर ठेवले, टेप लावला आणि पावती दिली. पावतीवर दोन वजने होती: प्रत्यक्ष वजन 16 किलो आणि आकारणीचे वजन 34 किलो. मला ती नजरचूक वाटली आणि मी पावती ड्रॉवरमध्ये टाकली. ती नजरचूक नव्हती. हलके पण अवजड सामान गाडीत जागा अडवते, म्हणून कुरियर कंपन्या घनफळावरून वजन काढतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचे (काही कंपन्या दुसरा भाजक वापरतात). जे वजन जास्त येईल त्यावर भाडे लागते. मूळ खोक्याचे 70, 60 आणि 30 चे घनफळ 1,26,000 घन सेंटिमीटर, म्हणजे 25.2 किलो, पुढच्या पूर्ण आकड्यावर नेल्यावर 26. उंची 40 झाल्यावर घनफळ 1,68,000 झाले, म्हणजे 33.6, आणि वर नेल्यावर 34. खोके दहा सेंटिमीटर उंच झाले, आत एक ग्रॅमही वाढला नाही, आणि भाडे आठ किलोंनी वाढले.

पुढचे काही दिवस ऑर्डरच्या पानावर ‘तपासणी सुरू’ असे दिसत होते. मग एका सकाळी ‘रिफंड पूर्ण’ अशी ओळ आली आणि खात्यात 65 जमा झाले. सोबतच्या ईमेलमध्ये फक्त ही एकच रक्कम होती, कशातून काय वजा केले याचा उल्लेखच नव्हता. माझा पहिला विचार रागाचा होता आणि पहिला मसुदाही तसाच होता. तो मी पाठवला नाही. त्याऐवजी दोन ओळींचे पत्र लिहिले, ज्यात ऑर्डर क्रमांक, दिलेली रक्कम 106, मिळालेली रक्कम 65, आणि 41 च्या कपातीचा बाबवार तपशील तसेच तपासणीचा अहवाल मिळावा, एवढीच मागणी होती. तपशील हातात नसताना ‘तुम्ही जास्त कापले’ असे म्हटले की समोरून धोरणाचा परिच्छेद चिकटवून उत्तर येते आणि त्यात चार दिवस जातात, हे एका मैत्रिणीच्या अनुभवावरून मला माहीत होते.

तपशील दोन दिवसांत आला. सुरुवातीचे डिलिव्हरी शुल्क 6, ते परत मिळत नाही. परतीची वाहतूक 34 किलोंप्रमाणे, किलोला अर्धा, म्हणजे 17. रीस्टॉकिंग शुल्क 18. एकूण 41, आणि बेरीज बरोबर होती. तपासणीच्या अहवालात लिहिले होते: ‘खोके मूळ नाही असे दिसते, सर्व बोल्ट हजर, कापडावर डाग नाही, चाकांना किरकोळ धूळ, पुन्हा विक्रीयोग्य.’ खोके मूळच होते, फक्त त्याला वरून पट्टी जोडलेली होती, पण त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. ‘पुन्हा विक्रीयोग्य’ हे शब्द मात्र मी अधोरेखित करून ठेवले.

रीस्टॉकिंग शुल्काबद्दल माझे मत या प्रकरणात थोडे बदलले. आधी मला ती सरळ लूट वाटायची. परंतु एकदा उघडून जोडलेली खुर्ची ‘नवी’ म्हणून विकता येत नाही, कोणीतरी बोल्ट मोजावे लागतात, चाके पुसावी लागतात, नवे खोके द्यावे लागते, आणि तरीही ती कमी किमतीतच जाते, हे खरे आहे. ग्राहकाचे मन बदलले असेल तर हा खर्च त्याने काही अंशी उचलावा, यात मला फारसे गैर दिसत नाही. प्रश्न दोनच राहतात. हे शुल्क कशावर मोजले, आणि मुळात ते या कारणाला लागू होते का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यातच होते. विक्रेत्याच्या धोरणात ‘उघडलेल्या वस्तूवर वस्तूच्या किमतीच्या 15 टक्के’ असे लिहिले होते. 18 हे 100 चे 15 टक्के नाहीत, ते 120 चे आहेत. म्हणजे शुल्क छापील किमतीवर लावले गेले होते आणि रिफंड मात्र कूपन वजा जाता दिलेल्या रकमेवर. एकाच व्यवहारात किंमत दोन वेगवेगळी धरली गेली होती. हा प्रकार टक्केवारीच्या कपातीत सहज लपतो, कारण आपण टक्के वाचतो आणि कशाचे टक्के हे विचारत नाही. कापलेल्या रकमेला टक्केवारीने भागून पाहिले की आधार कोणता धरला ते लगेच उघड होते. 18 भागिले 0.15, उत्तर 120.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी धोरण पुन्हा शेवटपर्यंत वाचले. त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य होते की सदोष वस्तूंना आणि वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तूंना रीस्टॉकिंग शुल्क लागणार नाही आणि दोन्हीकडचा वाहतूक खर्च विक्रेता सोसेल. हे औदार्य नव्हे. भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे जाहिरात केलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारा माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. युरोपीय संघात 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार तर 14 दिवसांत कारण न सांगता माघार घेतली तरी सुरुवातीचे साधे डिलिव्हरी शुल्क परत द्यावे लागते. परतीचा खर्च तिथे ग्राहकाकडे असतो, पण तसे त्याला आधी सांगितलेले असावे लागते, आणि वस्तू पारखण्यापुरत्या हाताळणीपेक्षा जास्त हाताळणीमुळे तिची किंमत कमी झाली असेल तरच तेवढी कपात करता येते. जागोजागी नियम असे वेगळे आहेत, परंतु ‘मन बदलले’ आणि ‘सांगितले एक, पाठवले दुसरे’ यांत फरक करण्याची रीत सगळीकडे दिसते. माझे प्रकरण दुसऱ्या प्रकारचे होते आणि मी ते स्वतःच्या हाताने पहिल्या प्रकारात टाकले होते.

आता पुराव्याचा प्रश्न आला. खुर्ची त्यांच्या गोदामात होती, माझ्याकडे टेपचा फोटो नव्हता, आणि 68 हा आकडा केवळ माझ्या शब्दावर उभा होता. पानावर 64 लिहिले होते याची खात्री करावी म्हणून मी ते पान पुन्हा उघडले. मापांच्या तक्त्यात आता 68 होते. माझी खुर्ची परत गेल्यानंतर कोणीतरी चूक दुरुस्त केली होती. क्षणभर पायाखालची जमीन सरकली, कारण आता 64 चाही पुरावा गेला असे वाटले. मग भावाला पाठवलेली पीडीएफ आठवली. चॅटमध्ये ती तारखेसह होती, पानाचा पत्ता वरच्या कोपऱ्यात छापलेला होता आणि तक्त्यात 64 स्पष्ट दिसत होते. म्हणजे जुने पान 64 सांगत होते आणि नवे पान 68, वस्तूचा क्रमांक दोन्हींवर तोच. खुर्चीची खरी उंची सिद्ध करण्याचे काम विक्रेत्याने आपले पान दुरुस्त करून स्वतःच केले होते.

दुसरे पत्र मी बेताचे लिहिले. सुरुवातीला कपातीचे तीन आकडे, मग 18 हे छापील किमतीवर कसे आले त्याचा भागाकार, मग धोरणातले वर्णनाबाबतचे वाक्य जसेच्या तसे, आणि शेवटी दोन्ही पानांची चित्रे शेजारी शेजारी. फॉर्ममध्ये मी ‘मापात बसत नाही’ हे कारण निवडले होते हे मीच आधी सांगून टाकले आणि वस्तुस्थिती ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी असल्याने कारण दुरुस्त करून घ्यावे, अशी विनंती केली. ते लपवले असते तर पहिले उत्तर त्यावरच आले असते.

तरीही पहिले उत्तर अर्धेच आले. टक्केवारीचा मुद्दा लगेच मान्य झाला, ‘तांत्रिक कारणाने’ 3 जास्त कापले गेल्याचे कळवून ते जमा करण्यात आले आणि तक्रारीच्या तिकिटावर ‘सोडवले’ असा शिक्का बसला. पत्राच्या शेवटी एक वाक्य होते की ही रक्कम पूर्ण व अंतिम समजावी, आणि खाली ‘उत्तर समाधानकारक वाटले का’ असे विचारणारी दोन बटणे होती. मी कोणतेही बटण दाबले नाही. ‘होय’ दाबणे म्हणजे त्या वाक्याला मान्यता देणे ठरू शकते, आणि ‘नाही’ दाबले तर नवे तिकीट उघडून जुनी सगळी चित्रे नव्याने जोडावी लागतात. त्याच ईमेलला उत्तर देऊन लिहिले की 3 मिळाले, परंतु ते अंतिम म्हणून स्वीकारलेले नाहीत, कारण वर्णनातील तफावतीबाबत उत्तर आलेले नाही, आणि प्रकरण वरिष्ठांकडे द्यावे.

कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करून उरलेल्या रकमेपुरता वाद नोंदवता येतो, तो विचारही या दरम्यान मनात आला. अशा वादात बँक आधी विचारते की विक्रेत्याशी बोलणे झाले का, माल परत मिळाल्याची पोच आहे का, आणि किती रक्कम कोणत्या कारणाने येणे आहे. हे तिन्ही माझ्याकडे होते. पण एकदा वाद नोंदला की बोलणे कस्टमर केअरकडून निघून त्यांच्या पेमेंट विभागाकडे जाते आणि सामोपचाराचा धागा बहुधा तुटतो, शिवाय बँकेची मुदत अजून दूर होती. म्हणून थांबले.

पाच दिवसांनी दुसऱ्याच व्यक्तीचे उत्तर आले आणि ते नेमके होते. पानावरची उंची चुकीची होती हे मान्य, रिटर्नचे कारण बदलले आहे, उरलेले रीस्टॉकिंग शुल्क 15 आणि सुरुवातीचे डिलिव्हरी शुल्क 6 परत केले जाईल. परतीच्या वाहतुकीचे 17 पैकी 13 मिळतील, कारण मूळ खोक्याप्रमाणे 26 किलोंचे भाडे तेवढेच होते. वाढीव आठ किलोंचे 4 मात्र मिळणार नाहीत, कारण फॉर्ममध्ये उंची 30 लिहिली होती आणि खोके 40 चे निघाले.

सिलिंडर रुतून बसतो, वस्तू जोडल्याशिवाय हातांची उंची कळणार नव्हती, तेव्हा हेही तुमच्याकडेच यायला हवे, असे एक वाक्य मी लिहून पाहिले. त्यांनी सौजन्याने कळवले की फॉर्ममध्ये 40 लिहिले असते तर पिकअपच्या आधीच मोठे खोके पाठवले गेले असते आणि त्याचा भार माझ्यावर आला नसता. त्यांच्या मदतीच्या पानावर ही सोय खरोखरच लिहिलेली होती. मी ती वाचली नव्हती. पुढे काही लिहिले नाही.

पैसे दोन तुकड्यांत आले, आधी 21 आणि आठवड्याने 13. आधीचे 65 आणि मधले 3 धरून एकूण 102 झाले. कुरियरची पावती ड्रॉवरमधून काढून मी त्यावरच्या 34 भोवती पेन्सिलने गोल केला आणि ती पीडीएफच्या छापील प्रतीसोबत फाईलला लावली.